विचारपूस

आमचं गाव माण तालुक्यातलं. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा. वर्षातले अकरा महिने गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या-मेंढरं. बाकी सगळे पोटामागं गेलेले. कुणी मुंबईला माथाडीत, कुणी पुण्याला कंपनीत, कुणी सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात पार तमिळनाडू-केरळपर्यंत. चैत्रात भैरोबाची जत्रा आली की हे सगळे गावात उतरतात. बंद घरांची कुलपं निघतात, अंगणं सारवली जातात आणि ज्या घरात एरवी दोन भाकरी होतात तिथं दोन दिवस तीस-पस्तीस माणसांची पंगत बसते. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा निवद आणि रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्या आणि मटण. आणि दोन्ही दिवस, पहाटेपासून दिवा मालवेपर्यंत, विचारपूस.

पायातली चप्पल काढायच्या आधी ती सुरू होते.

"आलीस व्हय गं? वाळलीस की लई!"

"पगार किती पडतुय आता?"

"मग यंदा लाडू कवा?"

नोकरी लागल्यावर आणि लग्न व्हायच्या आधी, अशी माझी सहा-सात वर्षं या प्रश्नांच्या माऱ्यात गेली. आमच्या घरातल्या शिकलेल्या पोरांना तर जत्रेच्या आठवडाभर आधीपासून धडकी भरायची. पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक चुलतभाऊ सलग तीन वर्षं आला नाही. "क्लास आहे" म्हणायचा. जत्रेत कसला क्लास, हे त्यालाही माहीत आणि आम्हांलाही. "निघाली का पोस्ट?" या एका प्रश्नाला तोंड द्यायला नको म्हणून तो देवाला, कुस्त्यांना आणि आजीला मुकत होता. माणूस एकदा असा यायचा थांबला की पुढं त्याला सवयच लागते. म्हणून या प्रश्नांकडं नुसतं हसण्यावारी नेऊन भागत नाही.

मला यातलं जे काही कळलं ते आजीमुळं. आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती. पण कुणाला किती सांगायचं, याचा तिचा हिशोब पक्का होता.

एकदा सुगीत मी तिच्याशेजारी बसले होते. शेजारची एक बाई आली आणि उंबऱ्यावर टेकत म्हणाली, "आक्का, किती पोती जवारी झाली औंदा?"

आजी म्हणाली, "झाली की बया खान्यापुरती. तुमची झाली का काडून?"

मग दोघी अर्धा तास बोलल्या. पावसाचं, पाखरांनी खाल्लेल्या कणसांचं, मजुरीचं. बाई समाधानानं उठून गेली. पोती किती ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही आणि तिनं परत विचारलंही नाही.

त्या दिवसापासून मी लक्ष ठेवून बघायला लागले. गावात कुणीच कुणाला आकडा सांगत नाही. डेरीत दूध घालणाऱ्याला विचारा, "किती सुटतंय दुधाचं?" तो म्हणेल, "पेंडीपुरतं सुटतंय." गलाईवाल्या पाहुण्याला विचारा, "धंदा कसाय?" तो म्हणेल, "देवाच्या दयेनं बरं हाय." मेंढकाला तर कळपात किती मेंढरं आहेत हे विचारूच नये. म्हणजे प्रश्न विचारण्याची रीत आहे, पण नेमकं उत्तर देण्याची सक्ती नाही. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याला आकडा मिळाला तर हवाच असतो, पण नाही मिळाला म्हणून तो रागावत नाही. तो रागावतो कधी? त्याच्या विचारण्याला तोंडच दिलं नाही तर. "विचारलं तर धड बोललीसुद्धा न्हाय," हा बोल गावात फार लागतो.

आम्ही शिकलेली पोरं इथं फसतो. आम्हांला प्रश्न म्हणजे परीक्षेतला प्रश्न वाटतो. त्याला एक तर खरं उत्तर द्यायचं, नाही तर पेपर कोरा ठेवायचा. म्हणून आम्ही एक तर सगळं सांगून बसतो, नाही तर तोंड फिरवतो. आजीची वाट या दोन्हींच्या मधली होती. शब्द द्यायचा, माहिती द्यायचीच असं नाही. आणि शब्द देताना समोरच्याला आपलाही एक प्रश्न द्यायचा.

पगाराचा प्रश्न घ्या. हा प्रश्न उगीच आलेला नाही. आमच्याकडची माणसं मुंबईला गेली तेव्हा गावाकडची शेती, बहिणींची लग्नं, म्हाताऱ्यांची औषधं हे सगळं त्यांच्या मनीऑर्डरवर चालायचं. मुंबईकराचा पगार ही त्याची एकट्याची गोष्ट नव्हती, ती साऱ्या घराची गोष्ट होती. त्यामुळं चुलत्यानं पुतण्याला "किती मिळत्यात?" विचारणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एकत्र घरं फुटली, मनीऑर्डर बंद झाली, प्रश्न तेवढा राहिला.

याचं खरं उत्तर दिलं की काय होतं, ते आमच्या एका भावाच्या बाबतीत सगळ्यांनी बघितलं. नवीनच नोकरी लागलेली. पोरगं सरळ. ओसरीवर चार माणसांत चुलत्यानं विचारलं आणि यानं सांगितलं, "२८ हजार." संध्याकाळी छबिन्याला निघेपर्यंत तो आकडा पारावर पोचला होता आणि पोचेपर्यंत ३५ हजार झाला होता. पुण्यातलं खोलीभाडं, मेसचे पैसे, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता यातलं काही त्या आकड्याबरोबर पारावर गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूरच्या एका पाहुण्यानं बोअर मारायला ५० हजार मागितले. याच्याकडं खरंच नव्हते. "एवढा पगार असून न्हाय म्हनतुय," असं झालं आणि दोन वर्षं त्या घराशी बोलणं तुटलं. पोराचं काही चुकलं नव्हतं. पण आकडा एकटा फिरतो, खर्च त्याच्यामागून जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना त्यातून कळलं.

आजी मला म्हणाली होती, "किती येत्यात ते सांगू नगं. कुटं जात्यात ते सांग."

तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं होतं. नानांनी विचारलं की मी म्हणायची, "भागतंय नाना. खोलीचं भाडं जातं, महिन्याचा बाजार होतो, आईला थोडं देते. वर फार उरत नाही, पण उसनं मागायची पाळी येत नाही. तुमच्या विहिरीचं काम कुठवर आलं?" यात खोटं एक अक्षर नाही. पोरगी उपाशी नाही, कर्जात नाही, आईला विसरलेली नाही, एवढंच नानांना खरं तर बघायचं असतं. ते त्यांना मिळतं. आणि विहिरीचा विषय निघाला की नाना पुढचा पाऊण तास खडक, सुरुंग आणि पाणी यांतून बाहेर येत नाहीत.

वजनाचं तर आणखी निराळं. शहरात "जाड झालीस" म्हटलं की जिव्हारी लागतं. आमच्या आजीच्या तोंडी "अंगानं सुदारलीस" हे कौतुक होतं. त्यामागं १९७२चा दुष्काळ होता. आमच्या भागातल्या बायाबापड्यांनी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडली, परदेशातून आलेली मिलोची तांबडी भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. ज्यांनी घरातल्या पोरांच्या फासळ्या मोजल्या, त्यांची नजर पहिल्यांदा माणसाच्या गालावर जाते. गाल भरले असतील तर घरात धान्य आहे. त्यामुळं त्या पिढीच्या बाईनं "वाळलीस" म्हटलं तर ती काळजी असते आणि त्याचं उत्तर ताटात असतं. "मग घाला की तुमच्या हातची पोळी" एवढं म्हटलं की तिच्या जिवाला बरं वाटतं.

पण हेच वाक्य पन्नाशीच्या आतली, टीव्ही बघणारी, स्वतः सकाळी गरम पाण्यात लिंबू पिणारी मावशी म्हणाली तर तिला ताट नको असतं. तिथं दुष्काळ नसतो, मापटं असतं. शब्द तेच असले तरी तोंड कुणाचं आहे ते बघावं लागतं.

आणि लग्न. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या तीन जाती मला दिसल्या.

पहिली, जिच्या मनात खरंच एखादं स्थळ असतं. ती चारचौघांत विचारत नाही. परसात, नाही तर पाणी भरताना गाठते. आणि तिचा दुसरा प्रश्न लगेच येतो. शिक्षण कुठवर, पत्रिका बघता का, देवक काय, नोकरी सोडायची तयारी आहे का. हिच्याशी गोलगोल बोलणं फार महागात पडतं. आमच्या एका थोरल्या बहिणीनं अशाच एका आत्याला संकोचून "बघू" म्हटलं होतं. आपल्याकडं "बघू" म्हणजे नाही, असं शहरात समजतात. सोयरिकीच्या बोलीत "बघू" म्हणजे "आणा". पुढच्या रविवारी जीप भरून पाहुणे दारात. घरात ना पोहे, ना पोरगी. ती पुण्यात ड्यूटीवर. आत्याची पाहुण्यांत शोभा झाली ती झालीच. म्हणून पहिल्या जातीच्या बाईला स्वच्छ सांगावं. "यंदा बघायचं नाही, पुढच्या दिवाळीनंतर मीच तुम्हांला सांगते," नाही तर "असं असं पाहिजे, तसं असलं तरच बोला." तिला त्याचा राग येत नाही. तिचा फेरा वाचतो.

दुसरी जात सगळ्यात मोठी. ही विचारते, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. ती उत्तराची वाट बघत नाही. "लगीन कवा?" म्हणता म्हणता तिचा हात पोळीवर वळलेला असतो. हिला "पहिली पत्रिका तुम्हांला" एवढं पुरतं. वर्षानुवर्षं तेच उत्तर दिलं तरी चालतं. तिला मागच्या वर्षीचं आठवत नसतं.

तिसरी जात थोडी, पण ती पंगतीत विचारते. सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि विचारताना तुमच्याकडं बघत नाही, तुमच्या आईकडं बघते. तिथं प्रश्न तुम्हांला नसतोच.

या सगळ्याची कसोटी लागली ती २०१४च्या जत्रेला. धाकट्या चुलत्याची मुलगी माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिची सुपारी फुटली होती, तारीख निघाली होती आणि मग ते मोडलं. का मोडलं ते इथं सांगायचं कारण नाही. त्यानंतर ती दोन जत्रांना आली नव्हती. त्या काळात तिचं वजनही वाढलं होतं. काकू तर पाहुण्यांत जायलाच घाबरायची. त्या वर्षी आजीनं निरोप धाडला, "म्या आता किती जत्रा बगनार हाय? पोरीला घिऊन ये." आजीनं पंच्याहत्तरी ओलांडली होती.

स्वारगेटवरून आम्ही दोघी दहिवडीच्या एस.टी.त बसलो. ती खिडकीशी गप्प. फलटण सोडल्यावर म्हणाली, "ताई, काय सांगू गं मी सगळ्यांना?"

मोगराळ्याचा घाट चढेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य तयार केलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "त्यांनी फसवलं असं सांगू का?" मी म्हटलं, मग कसं फसवलं ते सांगावं लागेल. मग म्हणाली, "पत्रिका जुळली नाही म्हणू?" ते खोटं होतं आणि खोटं लक्षात ठेवावं लागतं. शेवटी ठरलं ते असं : "दोन्ही घरांनी बसून थांबवलं. जे झालं ते बरं झालं." एवढंच. खरं होतं, कुणावर चिखल नव्हता आणि त्याला पुढं शेपूट नव्हतं.

मग तिथूनच काकूला फोन लावला. हे मला फार महत्त्वाचं वाटत होतं. जत्रेच्या घरात सकाळी एका बाईला सांगितलेलं आणि दुपारी दुसरीला सांगितलेलं संध्याकाळी भांडी घासताना एकमेकींना लावून बघितलं जातं. मुलगी एक म्हणाली, आई दुसरं आणि बाप तिसरं, की त्या फटीतून गोष्ट तयार होते. तेव्हा तिघांनी एकच वाक्य बोलायचं, शब्दसुद्धा तेच. काकू फोनवर दोनदा म्हणून बघत होती. काकांनी म्हटलं, "मला कोन इचारतंय?" पण त्यांनाही म्हणायला लावलं.

दुसरी गोष्ट ठरवली ती जागेची. पाहुण्यासारखं खुर्चीवर बसायचं नाही. रिकाम्या हातानं बसलेल्या माणसाला सगळे प्रश्न येऊन चिकटतात. वाढणारीला कुणी पकडू शकत नाही. ती आमटी घेऊन पुढं सरकलेली असते. तिला मी सांगितलं, "तू वाढायला लाग. नाही तर पोळ्या लाटायला बस. तिथं मान खालीच असते."

घरी पोचलो तेव्हा परसात दोन चुलवणं पेटलेली, पुरण शिजत होतं. पंधरा-वीस बायका. ती पदर खोचून पोळपाटाशी बसली. पाच मिनिटं गेली असतील. थोरल्या आत्यानं पुरण चेचता चेचता सरळ विचारलं, "काय गं, मोडलं म्हनं तुजं?"

लाटणी थांबली. काकूचा चेहरा उतरला.

ती म्हणाली, "दोन्ही घरांनी बसून थांबवलं, आत्या. जे झालं ते बरं झालं." आवाज थोडा कापला, पण वाक्य सरळ गेलं.

"पर थांबवलं कुनी? त्यांनी का तुमी?"

हा दुसरा प्रश्न येणार हे आम्ही धरलंच होतं. तिनं लाटलेली पोळी तव्यावर टाकायला दिली आणि तेच म्हणाली, "दोन्ही घरांनी, आत्या. पुरणात वेलदोडा घातला का? वास येत नाही." आत्यानं पुरण हुंगलं. म्हणाली, "घातलाय की. तुजं नाक चोंदलंय." चार जणी हसल्या आणि ती गाठ सुटली. दिवसभरात आणखी पाच-सहा जणींनी विचारलं. तिनं प्रत्येकीला तेच सांगितलं. तिसऱ्या वेळेपर्यंत तिच्या आवाजातला काप गेला होता. आणि एक गंमत झाली. दुपारी एका बाईनं विचारायला सुरुवात केली, तेवढ्यात दुसरीच म्हणाली, "आगं, दोनी घरांनी बसून थांबवलं त्ये." आमचं वाक्य आता त्यांचं झालं होतं.

राहिली तिसरी जात. पंगतीला एक लांबची मावशी काकूकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "पोरगी लई सुटलीया गं. असं अंग असल्यावर आता कसं जमायचं?"

याला आमच्याकडं तयार वाक्य नव्हतं. थायरॉइडचं औषध चालू होतं, पण ते सांगायचं नाही असं तिनंच ठरवलं होतं. पंगतीत आजाराचं नाव निघालं की ते सोयरिकीच्या गावांपर्यंत जातं. ती भाताचं पातेलं घेऊन उभी राहिली. डोळे भरत आले होते. मला काही बोलता येईना, कारण मी बोलले असते तर भांडण झालं असतं.

बोलली ती आजी. खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "का गं? वजन तिचं हाय. उचलून का न्यायची हाय तुला?"

सगळी पंगत हसली. मावशीसुद्धा हसली, तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. आजी लगेच नातीला म्हणाली, "तिला भात वाड. आन् तूप घाल वरनं." म्हणजे बोलणंही झालं आणि मावशीचा मानही राहिला.

हे वाक्य त्या पोरीनं म्हटलं असतं तर उद्धटपणा झाला असता. काही उत्तरं वयाचीच असतात. म्हणून अशा ठिकाणी जाताना आपल्या बाजूचं एक थोर माणूस पंगतीत असावं आणि त्याला आधी माहीत असावं की पोरगी कुठं दुखावलेली आहे. आजीला मी सकाळीच कानात सांगून ठेवलं होतं. आणि थोर माणूस नसलंच तर? तर पातेलं घेऊन पुढच्या पानावर जावं. टोचून बोलणाऱ्याला उत्तर हवं असतं, ते न मिळणं हेच त्याला पुरेसं असतं.

त्या रात्री छबिना निघाला. हलगी वाजायला लागली, माणसं देवळाकडं गेली. आम्ही दोघी माळवदावर बसलो होतो. थोरली आत्या धापा टाकत जिना चढून आली आणि तिच्याशेजारी टेकली. मला वाटलं, आता परत.

आत्या बराच वेळ हलगी ऐकत बसली. मग म्हणाली, "माजंबी मोडलं हुतं बग. बहात्तरच्या सालात. सुपारी फुटली हुती. दुस्काळ पडला, बापाच्या हातात काय न्हाई. त्यास्नी दुसरीकडची मिळाली."

आम्हां दोघींना हे ठाऊक नव्हतं. घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"तवा मला कुनीबी इचारलं न्हाई. म्या आले की बाया गप व्हायच्या. आय गप, चुलत्या गप. दोन वर्सं. त्या गप बसन्यानं जीव नकू झाला हुता." मग तिच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "म्हून सकाळी सगळ्यांदेखत इचारलं. एकदा तोंडावर इचारलं की माघारी बोलायला काय ऱ्हात न्हाय."

आत्याचं सगळंच पटलं असं नाही. सगळ्यांदेखत विचारल्यानं माघारचं बोलणं थांबतंच, असं मला अजूनही वाटत नाही. पण जिला आम्ही दिवसभर भोचक म्हणत होतो तिच्या प्रश्नाखाली हे होतं. त्या रात्री बहिणीनं आत्याला ठरलेलं वाक्य सांगितलं नाही. खरं काय झालं होतं ते सगळं सांगितलं. आत्यानं ते कुणाला सांगितल्याचं पुढं कधी कानावर आलं नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. काही दुखणी अशी असतात की तिथं असलं कसलंच वाक्य पुरत नाही. मूल राहत नसलेल्या बाईला, घर मोडून आलेल्या लेकीला वेलदोड्याचा वास काढून सुटता येत नाही. तिथं विचारणाऱ्याला बाजूला घेऊन, हात धरून सरळ म्हणावं, "मावशी, हे नका विचारू. मला जड जातं." यात मावशीला दोष नाही, फक्त आपलं दुखणं सांगितलेलं आहे. आमच्याकडची माणसं इतकी दगड नाहीत. बहुतेक जणी गप होतात आणि नंतर गुपचूप हातात लाडू आणून ठेवतात. चारचौघांत मात्र हेच म्हटलं तर मावशीला ती फजिती वाटते आणि ती स्वतःला राखायला आणखी बोलते. म्हणून बाजूला घेऊनच.

आजी आता नाही. पंगतीत खांबाला टेकायची जागा थोरल्या आत्याकडं आली आहे. बहिणीचं पुढं लग्न झालं, उशिरा आणि तिच्या मनासारखं. ती जत्रा चुकवत नाही. परीक्षेचा अभ्यास करणारा भाऊ अजून पोस्टची वाट बघतो आहे, पण मागच्या वर्षी आला होता. ओसरीवर नानांनी त्याला "निघाली का?" विचारलं, तर म्हणाला, "नाना, दोन मार्कांनी हुकली. पुन्हा बसतोय. तुमच्या बोअरला पाणी कुठं लागलं?" नानांनी पाणी किती फुटांवर लागलं ते सांगायला सुरुवात केली.

आता मीही विचारणाऱ्यांच्या वयाला आले आहे. पोरं आली की तोंडावर तेच तीन प्रश्न येतात. मी ते गिळत नाही, कारण न विचारलेल्याचं दुखणं आत्यानं दाखवलेलं आहे. पण ओसरीवर विचारत नाही. संध्याकाळी शेरडं बांधायला पोरगं परसात आलं की जवळ जाते, एकदाच विचारते. ते "भागतंय" म्हणालं की दावणीला दावं आवळते आणि शेरडाचं विचारते.